हिमबिबट्याची श्रेणी खाली आली, म्हणजे तो वाचला का?

कड्यावरून: २०१७ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेने हिमबिबट्याला ‘संकटग्रस्त’ श्रेणीतून काढून कमी धोक्याच्या ‘असुरक्षित’ श्रेणीत टाकले. संख्या वाढल्याशिवाय असे होत नाही. तरीही काही संस्था अजून रडगाणे गात आहेत, कारण प्राणी वाचला तर देणग्या आटतात.

अरण्यवाट: संख्या वाढल्याचे त्या मूल्यांकनात कोठेही म्हटलेले नाही. ज्या निकषावर निर्णय झाला त्यानुसार ‘संकटग्रस्त’ राहण्यासाठी दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात: प्रजननक्षम प्रौढ २,५०० पेक्षा कमी असणे आणि दोन पिढ्यांत किमान २० टक्के घट होणे. प्रौढांचा अंदाज २,७१० ते ३,३८६ असा निघाला आणि तीन पिढ्यांतील, म्हणजे सुमारे २३ वर्षांतील, घट किमान १० टक्के धरली गेली. म्हणजे प्राणी कमी होत असल्याचे मान्य करूनच श्रेणी उतरवली आहे.

दुर्बीण: तरीही ही उतरण नियमबाह्यच आहे. वरच्या श्रेणीचे निकष सलग पाच वर्षे लागू नसल्याशिवाय प्रजातीला खाली आणता येत नाही.

अरण्यवाट: नियम बरोबर आहे, पण तो प्रत्यक्ष सुधारणेसाठी आहे. येथे बदलली ती आपली माहिती, आणि आधीची श्रेणीच चुकीची ठरली तर पाच वर्षे थांबावे लागत नाही.

रात्रपाळी: मी स्वतः कॅमेरा-सापळ्यांची छायाचित्रे तपासण्याचे काम केले आहे, म्हणून या आकड्यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. दोन्ही कुशींवरचे ठिपके वेगळे असतात. एका रात्री डावी कूस दिसली, दुसऱ्या रात्री उजवी, आणि त्यात शेपटी आडवी आली, की एका जनावराची सहज दोन होतात. आमच्या वरिष्ठांना मात्र मोठा आकडाच आवडत असे.

कड्यावरून: तुमच्या वरिष्ठांचे गाऱ्हाणे येथे कशाला?

दुर्बीण: गाऱ्हाणे म्हणून झटकू नका. प्राणिसंग्रहालयातील, म्हणजे ओळख आधीच पक्की असलेल्या, हिमबिबट्यांची छायाचित्रे देऊन २०२० मध्ये चाचणी प्रसिद्ध झाली, तेव्हा अशा चुकांमुळे संख्या सरासरी एक तृतीयांशाने फुगलेली आढळली. २,७१० मधून तेवढा फुगवटा काढा, मग २,५०० चा उंबरठा कुठे राहतो ते सांगा.

अरण्यवाट: तो आकडा निव्वळ छायाचित्रांतून आलेलाच नाही, त्यामुळे ही वजाबाकी येथे करता येत नाही. बारा देशांत पसरलेल्या अधिवासाचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग नीट मोजला गेला आहे आणि उरलेल्या ठिकाणी तज्ज्ञांचे अंदाज आहेत. शिवाय संख्या २,५०० खाली गेली तरी २० टक्के घट वेगळी दाखवावीच लागेल.

रात्रपाळी: पंधरा वर्षांपूर्वी जेथे कोणी मोजलेच नाही, तेथील घट दाखवायची कशी?

अरण्यवाट: हा प्रश्न मला मान्य आहे, फक्त तो १० टक्क्यांनाही तितकाच लागू पडतो, हे तुमच्या बाजूच्यांनी विसरू नये.

कड्यावरून: ठीक आहे, ‘वाढली’ हा शब्द मागे घेतो. देणग्यांबद्दलचे वाक्य तसेच राहील.