लूक शीटवर फिल्म स्टॉकचं नाव लिहिलं की मालिका एकसारखी दिसते का?

मृण्मयी: पैठणी कॅम्पेनचे आठ फोटो, सगळे डिजिटल. चार अंगणात उन्हात, चार माजघरात बल्बच्या उजेडात. शीटवर ‘पोर्ट्रा ४००, वॉर्म, मूडी’ एवढंच. दोघांनी ग्रेड केलं आणि दोन वेगळी कॅम्पेन वाटतायत. स्टॉकचं नाव पुरेसं नसतं का?

समीर: असतं, पण अर्धवट लिहू नका. पोर्ट्रा एक स्टॉप जास्त एक्स्पोज केली की सावल्या मोकळ्या आणि रंग फिकट होतात, म्हणून ‘पोर्ट्रा ४००, २०० वर एक्स्पोज’ असं लिहा. शिवाय ती डेलाइट फिल्म आहे, बल्बखाली नारिंगी होणारच. माजघरासाठी टंगस्टन स्टॉक लिहा, ५००टी.

निनाद: पोर्ट्राचे रोल किती लागतील? लॅबचा खर्चही धरा.

गार्गी: निनाद, रोल नाहीतच, शूट डिजिटल आहे.

समीर, माजघराला दुसरा स्टॉक दिलास की मालिका तिथेच दुभंगली. आणि खरा घोळ ‘मूडी’ने केलाय. पोर्ट्रा म्हणजे मोकळ्या सावल्या, मूडी म्हणजे दाट सावल्या. एकाने पहिला शब्द धरला, दुसऱ्याने शेवटचा.

आधी व्हाइट बॅलन्स. ऊन ५५०० केल्विनला. बल्बचे फोटो ३२०० ला नेले तर पार न्यूट्रल होतील, म्हणून ४००० च्या आसपास थांबा, थोडी ऊब राहते. मग टोन: ० ते २५५ च्या मापात सगळ्यात गडद काळा १८ वर, जरीची चमक २४० च्या आत. दोन्ही गटांतला एकेक फोटो शेजारी ठेवून जुळवा आणि मगच आठही फोटोंवर एकच ग्रेड चढवा.

‘वॉर्म’ अख्ख्या फोटोवर ओतू नका. पिवळा वाढला की वांगी रंगाची पैठणी मरून रंगाची दिसते आणि साडीच बदलली म्हणून फोटो परत येतो. ऊब फक्त हायलाइटमध्ये द्या.

शेवटी आठही थंबनेल कृष्णधवल करून बघा. तिथेही एखादा उठून दिसला तर चूक काँट्रास्टची, रंगाला हात लावू नका.

समीर: ‘काळा १८ वर’ ऐकून क्लायंटच्या डोळ्यांपुढे काही येत नाही, पोर्ट्रा म्हटलं की येतं.

गार्गी: मग मीटिंगमध्ये पोर्ट्रा म्हण. ग्रेड करणाऱ्याच्या शीटवर आकडे.

मृण्मयी: माजघरात समई पेटलेली आहे. ज्योतीभोवती ती लाल कडा ठेवायची का?

समीर: ठेवा, मजा तिथेच आहे. ८००टी या टंगस्टन फिल्मचा तो छापच.

गार्गी: ८००टीवरचा रेमजेट थर, म्हणजे फिल्ममागून परतणारा उजेड अडवणारा काळा थर, काढलेला असतो, म्हणून ती कडा येते. पोर्ट्रावर तशी येत नाही, आणि अंगणातल्या चार फोटोंत ज्योतच नाही. माझं मत, कडा नको.

समीर: अंगणात जरीवर ऊन चमकतंय की. तिथे हलकीशी द्या.

गार्गी: जरीला लाल कडा? आधी एका फोटोवर करून दाखव.