मदत हवी आहे : बाबांसाठी रिक्लायनर घ्यायचाय, पण त्यातून उठता येईल का?

अनघा_कोथरूड
नमस्कार मंडळी. बाबा ७८, उंची ५ फूट ९, दोन्ही गुडघे झिजलेत, ऑपरेशन नको म्हणतात. आई ७३, जेमतेम ५ फूट. सध्याचा सोफा १२ वर्षांचा आहे, बाबा त्यात बसले की पार आत जातात आणि उठायचं म्हणजे "एक, दोन, तीन" करून झोका घेतात, तिसऱ्या झोक्याला उठले तर उठले, नाहीतर मला हाक. परवा तोल जाऊन टीपॉयवर हात आपटला.

रविवारी बाणेरला दोन शोरूम पाहिले. एक रिक्लायनर बाबांना फार आवडला, विक्रेता म्हणाला सीटची उंची १९ इंच आहे, सिनियर सिटिझनसाठी एकदम बेस्ट. बाबा दहा मिनिटं आरामात टेकले आणि मग उठता येईना! विक्रेत्यानेच हात दिला. १९ इंच म्हणजे आमच्या सोफ्यापेक्षा उंच, मग असं का झालं? रिक्लायनरच घेऊ नये का? की लाकडी आरामखुर्ची? प्लीज अनुभव सांगा, डिलिव्हरीआधी ठरवायचंय, अॅडव्हान्स अजून दिलेला नाही.

नितीन_औंध
आम्ही बाबांसाठी मसाज चेअर घेतली, पाठीला पण आराम. नक्की विचार करा.

अनघा_कोथरूड
नितीन, धन्यवाद, पण प्रश्न मसाजचा नाही, उठण्याचा आहे :)

विनू_सत्तर
सोपं आहे हो. जितकी उंच तितकी चांगली. आमच्याकडे २१ इंचांची करून घेतली टिंबर मार्केटमधून, मी ७१ वर्षांचा, फटकन उठतो. सोफ्यावर दोन उश्या टाका तोवर.

गौरी_फिजिओ
विनूकाका, तुमचं अर्धं बरोबर आहे. उंच सीटवरून उठायला जोर कमी लागतो हे खरंच, पण तुम्ही सहा फुटी असाल तर २१ ठीक, अनघाच्या आईला २१ वर बसवलं तर पाय लोंबकळतील, मांडीखाली काठ रुतेल आणि त्या हळूहळू पुढे घसरत राहतील. माप माणसाच्या पायाचं घ्यायचं असतं.

अनघा, आधी एक काम करा. बाबांना कडक लाकडी खुर्चीवर ताठ बसवा, घरात घालतात त्या स्लिपर घालूनच, आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत टेप लावा. साधारण १७-१८ इंच येईल. झिजलेल्या गुडघ्यांसाठी बैठक या मापाइतकी किंवा त्याहून इंच-दीड इंच उंच असावी, पण बसल्यावर. लेबलवरचे १९ इंच रिकाम्या खुर्चीचे असतात. बाबा बसल्यावर मऊ फोम तीन-चार इंच दबला की राहिले १५-१६. शिवाय रिक्लायनरची सीट मागच्या बाजूला उतरती असते, त्यामुळे कंबर अजून खाली जाते. शोरूममध्ये बाबा बसलेले असताना बाजूने फोटो काढा. गुडघा कमरेपेक्षा वर दिसला तर ती खुर्ची सोडून द्या, कितीही आवडली तरी.

आता दुसरी गोष्ट, जी विक्रेते कधीच सांगत नाहीत. तुम्ही स्वतः आत्ता खुर्चीवरून उठून बघा. आधी काठाशी सरकता, मग पाय मागे ओढता, टाचा गुडघ्यांच्या मागे जातात, मग नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुकता. आता पाय पुढे ठेवून उठून बघा, जमणार नाही. रिक्लायनरचा फूटरेस्ट बंद केला की पुढची बाजू जमिनीपर्यंत पडद्यासारखी बंद होते, पाय मागे न्यायला जागाच उरत नाही. बाबा झोके घेतात ते त्यामुळेसुद्धा असू शकतं, सोफ्याखाली पण बघा जागा आहे का.

अनघा_कोथरूड
अगं बाई! सोफ्याला खाली बॉक्स आहे, अंथरुणं ठेवायचा. कधी लक्षातच आलं नाही.

सुमनताई
माझ्या मिस्टरांचं हिप रिप्लेसमेंट झालं तेव्हा डॉक्टरांनी कमी उंचीवर बसायला सक्त मनाई केली होती. आम्ही मोटरवाली लिफ्ट चेअर आणली, सीटच पुढे कलून माणसाला उभं करते. पण एक सांगते, गुरुवारी लाइट गेली आणि हे पाय वर करून तासभर अडकले, मी शेजारच्या दोघांना बोलावून उठवलं. नंतर इन्व्हर्टरच्या प्लगला जोडली. बॅटरी बॅकअप आहे का ते नक्की विचारा.

गदाधर_कुशनवाला
बावीस वर्षं कुशनचं काम करतोय म्हणून बोलतो. विनूकाका, उशीचा उपाय नको. दोन इंच उशी टाकली की बैठक वर गेली पण हत्ते तिथेच राहिले, म्हणजे हात ढकलायला दोन इंच खाली गेले. वर मऊ उशी दबते ती वेगळीच. त्यापेक्षा सोफ्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे लावा, वर खाच पाडून, म्हणजे सोफ्याचा पाय घसरत नाही. हत्ते सीटच्या पुढच्या काठापर्यंत यायला हवेत, आखडते असतील तर काठावर आलेल्या माणसाला पकडायला काही नसतं. बसलेल्या सीटपासून हत्ता सात इंचांच्या आसपास वर बरा पडतो. आणि मऊ फोम नको, कडक घ्या, सुरुवातीला बोचतो म्हणतात, महिनाभरात सवय होते.

रिक्लायनरच हवा असेल तर हाताने खटका ओढायचा प्रकार टाळा, फूटरेस्ट बंद करायला पायांनीच खाली दाबावं लागतं आणि ताकद नेमकी पायातच नसते. रॉकिंगवाला तर अजिबात नको, उठताना सरकतो.

पेठेतला_पक्या
एवढा खर्च करण्यापेक्षा आजोबांची जुनी आरामखुर्ची बरी. आमच्याकडे तीन पिढ्या झाल्या.

गौरी_फिजिओ
कापडी झोळीची आरामखुर्ची? पक्या, झिजलेल्या गुडघ्यांचा माणूस त्यात बसला की उठायला पूर्ण वाडा गोळा करावा लागेल.

अनघा_कोथरूड
अपडेट देते. मापं घेतली. बाबांची घडी स्लिपरसकट १८, आईची १५. परत जाऊन त्याच रिक्लायनरवर बाबांना बसवलं, फोटो काढला, गुडघा चांगलाच वर. टेपने काठाशी १६ भरली, म्हणजे १९ मधले तीन गायब. शिवाय सीटची खोली २२ इंच, पाठ टेकवली तर काठ गुडघ्यामागे टोचतो. विक्रेता म्हणाला, "वापरून सैल होईल मॅडम." सैल झाला तर आणखी खाली जाणार ना!

मग पलीकडे एक साधी, उंच पाठीची हत्तेवाली खुर्ची होती, चारही पाय मोकळे, खाली पूर्ण पोकळ. बसल्यावर १८ भरली. बाबा पाय मागे घेऊन हत्त्यांवर जोर देऊन पहिल्या प्रयत्नात उठले. झोका नाही, काही नाही. स्वतःच चकित! फक्त म्हणतात पाय पसरायला मिळत नाहीत. पुढे वेगळं स्टूल ठेवता येईल, पण उठताना त्यालाच अडखळतील अशी भीती वाटते. चाकं नको, एवढं कळलंय.

आईला मात्र ती उंच पडते, पाय तरंगतात. तिला वेगळी १५-१६ ची घ्यायची की पायाखाली पाट द्यायचा? पाट दिला तर उठताना तो बाजूला सरकवणार कोण?

विनू_सत्तर
पाट नको. मी पाटावरूनच पडलो होतो. आईला वेगळी घ्या.

गदाधर_कुशनवाला
वेगळीच घ्या ताई. आणि स्टूल घ्याल तर जड, खाली रबर लावलेलं, खुर्चीच्या बाजूला ठेवायची सवय लावा. कितपत पाळतील ते तुम्हीच बघा, माझे वडील तर पाळत नाहीत.