उत्तर: उडता राजा आणि उशिरा उचलल्या जाणाऱ्या सोंगट्या

«आंतरराष्ट्रीय ड्राफ्ट्सच्या दहा बाय दहाच्या पटावर राजा कर्णावर हवा तितका लांब धावतो, मग त्याला रोखायचे तरी कसे?»

त्याच्या लांब पल्ल्याचाच फास करता येतो. दोन नियम येथे निर्णायक ठरतात: जास्तीत जास्त सोंगट्या मारणारा मार्ग घेणे सक्तीचे असते आणि मारलेल्या सोंगट्या संपूर्ण चाल झाल्यावरच पटावरून उचलल्या जातात.

काळ्याचा एकमेव राजा 46 क्रमांकाच्या घरावर आहे आणि पांढऱ्याच्या साध्या सोंगट्या 24, 28, 33, 34, 43 व 48 वर आहेत, असे समजा. पांढऱ्याने नुकतीच 29 वरून 24 ही चाल केली आहे. राजा 28 मारून 23 वर थांबला, तर पुढे 34 धरून दोनच सोंगट्या मिळतात; म्हणून त्याला 19 वर उतरून 24 मारत 30 वर, तेथून 34 मारत 39 वर जावेच लागते. पुढे 33 आहे, पण तिच्या मागच्या घरात आधीच मारलेली 28 अजून उभी असल्यामुळे उडी घेता येत नाही. 43 च्या मागेही 48 आहे. राजा तेथेच थांबतो, तिन्ही सोंगट्या उचलल्या जातात आणि 33 वरची सोंगटी त्याला मारून 44 वर पोहोचते, कारण या प्रकारात साधी सोंगटीही मागे मारू शकते.

पटावर ही मांडणी करून पाहताना 28 लगेच उचलण्याची चूक सहज होते, आणि मग सापळा दिसतच नाही.