शब्दचर्चा : 'कालसर्प' की 'काळसर्प', आणि 'योग' की 'दोष'?

सुजाता (राजारामपुरी) :
माझ्या भाच्याची पत्रिका कॉम्प्युटरवर काढून आणली. जन्म कोल्हापूरचाच, 2 फेब्रुवारी 2022, दुपारी दीड वाजता. शेवटच्या पानावर लाल चौकटीत 'अनंत कालसर्प दोष आहे' असं छापलंय. ज्यांना दाखवली त्यांनी 'काळसर्प' म्हटलं, त्र्यंबकेश्वरला जाऊन शांत करा म्हणाले आणि खर्चाचा आकडाही सांगितला. बहीण तेव्हापासून नीट जेवलेली नाही. मला आधी शब्दच समजून घ्यायचाय. यातला 'काल' म्हणजे काळा, मृत्यू की वेळ? आणि हा योग आहे की दोष?

बाजीराव (कसबा बावडा) :
ताई, काळ म्हणजे मरणच की. काळानं डंख मारला असं आपण म्हणतोच. माझ्या बी पत्रिकेत हाय हा. चार वर्षं गुऱ्हाळ तोट्यात गेलं, तवा एकानं काळसर्प काढला. शांत केली आन् पुढच्या सालापासनं बसलं बगा सगळं नीट. तुमी करून टाका, डोक्याला ताप नको.

दिगंबरकाका (मंगळवार पेठ) :
सुजाताताई, आधी शब्द. वास्तुशांतीला नवग्रहांचं आवाहन होतं तेव्हा प्रत्येक ग्रहासोबत एक अधिदेवता आणि एक प्रत्यधिदेवता बोलावतात. राहूची अधिदेवता काल आणि प्रत्यधिदेवता सर्प. 'कालसर्प' हा जोडशब्द मला तिथूनच आलेला वाटतो. म्हणजे तो 'काळा साप' नव्हे. संस्कृत 'काल' मराठीत 'काळ' होतो, त्यामुळे 'काळसर्प' म्हणणंही चुकीचं नाही. पण मराठी कानाला 'काळ' म्हटलं की आधी यम दिसतो, आणि निम्मी भीती तिथंच बसते.

आता 'दोष'. बृहत्पाराशरीत या नावाचा योगच नाही. वराहमिहिराच्या बृहज्जातकातही नाही. तिथं 'सर्प' नावाचा योग आहे, पण तो पापग्रह केंद्रात असण्यावरून होतो. कालसर्पात राहू-केतूंच्या मधे बाकीचे सातही ग्रह अडकलेले असतात, त्याच्याशी 'सर्प' योगाचा संबंध नाही. पाराशरीत संततीच्या विचारात 'सर्पशाप' येतो, तोही वेगळा. नावांत सर्प आहे म्हणून लोक हे तिन्ही एकाच पोत्यात भरतात आणि 'शास्त्रात सांगितलंय' म्हणतात.

अनघा (नागाळा पार्क) :
काका, पण नेहरूंच्या पत्रिकेत कालसर्प होता ना? म्हणून तर काही जण म्हणतात की हा मोठी माणसं घडवतो.

दिगंबरकाका :
अनघाताई, अर्धं बरोबर. त्यांच्या पत्रिकेत मिथुनेत राहू आणि धनूत केतू. कर्केपासून तुळेपर्यंत, वृश्चिकेच्या कडेपर्यंत म्हणा, सहा ग्रह. सातवा गुरू धनूत, केतूच्याच राशीत. नुसत्या राशी मोजल्या तर सगळे आत. पण केतू साधारण 13 अंशांवर आणि गुरू 15 च्या आसपास, म्हणजे गुरू केतूला ओलांडून बाहेर गेलेला. अंशांनी पाहिलं तर योग मोडतो. ही उदाहरणं देताना अंश फारसं कोणी बघत नाही.

सुजाता :
मग आमच्या बाळाचे अंश बघायला हवेत का? बहिणीला काय सांगू?

दिगंबरकाका :
पंचांग काढून बसलो होतो, म्हणून उत्तराला उशीर झाला.

राहू वृषभेत, केतू वृश्चिकेत. मंगळ आणि शुक्र धनूत, रवी, बुध आणि शनी मकरेत, चंद्र आणि गुरू कुंभेत. सातही ग्रह तीन राशींत गोळा झालेत आणि राहू-केतूपासून लांब आहेत. अंशांनीही आतच. म्हणजे छापलंय ते चूक नाही. पण ते किती जणांना लागू होतं ते बघा.

त्या महिन्यात रवीपासून शनीपर्यंतचे सहा ग्रह आधीच एका बाजूला होते. फक्त चंद्र फिरत होता. तो महिन्यात एकदा पूर्ण फेरी मारतो, म्हणजे सुमारे चौदा दिवस आत आणि तितकेच बाहेर. 27 जानेवारी ते 9 फेब्रुवारी तो आत होता. त्या दिवसांत आपल्या शहरात, मुंबईत, जपानात जन्मलेलं प्रत्येक मूल कालसर्पाचं. 22 जानेवारीला सकाळी जन्मलेल्याचा चंद्र सिंहेत, म्हणून ते सुटलं. बाकी सगळ्या ग्रहांच्या राशी जवळपास त्याच.

आणि 'अनंत' हे नाव केवळ लग्नावरून, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेल्या राशीवरून पडलं. दीड वाजता वृषभ लग्न होतं, राहू लग्नात, म्हणून अनंत. त्याच दिवशी बारा वाजता जन्मला असता तर मेष लग्न, राहू दुसरा, नाव कुलिक. चार वाजता मिथुन लग्न, राहू बारावा, नाव शेषनाग. साधारण दोन तासांनी नाव बदलतं आणि एका दिवसात बाराही नावं होऊन जातात.

बाजीराव :
काका, म्हंजी माझं बी खोटंच म्हणायचं का?

दिगंबरकाका :
बाजीराव, शांत केल्यानं तुमचं मन स्थिर झालं असेल, ते मी खोटं कसं म्हणू? पण गुऱ्हाळाच्या त्या चार वर्षांत उसाचा आणि गुळाचा भाव काय होता, तेही आठवून बघा. अडचण आल्यावर शोधायला गेलं की हा सापडतो. पूर्ण नसेल तर 'आंशिक' म्हणून सापडतो. एक ग्रह बाहेर असला तरी आता लोक आंशिक कालसर्प लावतात. मग उरतं कोण?

श्रीधर (गंगावेश) :
एक मुद्दा. 2022 च्या त्या योगात ग्रह केतूकडून राहूकडं चालले होते. आमच्या गुरुजींच्या मते राहू पुढं, म्हणजे तोंड पुढं असेल तरच कालसर्प. केतू पुढं असेल तर तो कालामृत. काही जण नेमकं उलटं सांगतात.

दिगंबरकाका :
श्रीधर, हा वाद मला सुटलेला नाही. दोन्ही बाजूंचे जाणते लोक मी पाहिलेत. एकाच शब्दाची दिशा दोन घरांत उलटी सांगितली जाते, त्यामुळे मी त्यावर फळ सांगायला धजावत नाही.

सुजाताताई, पत्रिकेत खरंच बघण्यासारखं काय आहे ते सांगतो. वृषभ लग्नाचा स्वामी शुक्र आठव्यात, मंगळासोबत. ही नाजूक जागा. शनी या लग्नाला योगकारक, नवव्यात स्वतःच्या राशीत. फार चांगला. पण रवी त्याच्यापासून जेमतेम दोन अंशांवर, म्हणजे शनी अस्त. बळ कमी झालं. दहाव्यात चंद्र-गुरू एकत्र, ही जमेची बाजू. ज्योतिषानं यावर बोलायला हवं होतं. राहू लग्नात आहे, त्याचं फळही राहूचं म्हणून बघावं, साप म्हणून नव्हे.

अनघा :
सॉफ्टवेअर 'दोष' शब्द का वापरतं मग?

दिगंबरकाका :
दोष म्हटलं की निवारण आलं. 'योग' म्हटलं तर माणूस 'बरं' म्हणून घरी जातो.

सुजाता :
काका, बहिणीला वाचून दाखवलं. ती एकच विचारतेय. दीड ही वेळ दवाखान्याच्या चिठ्ठीवरची, पण सासूबाई म्हणतात की बाळ रडलं तेव्हा एक वाजला नव्हता. पाऊण वाजता म्हणतात त्या.

दिगंबरकाका :
पाऊणला मेषेचे शेवटचे अंश होतात. मग लग्नच बदलतं, लग्नेश मंगळ होतो आणि शुक्राबद्दल मी जे लिहिलं ते खोडावं लागेल. चिठ्ठीवर वेळ कोणी आणि कधी लिहिली, एवढं आधी विचारून ठेवा.