विगमन: बेरीज आणि विभाज्यता

> “n=k गृहीत धरल्यावर पुढे काय लिहायचे, तेच सुचत नाही.”

जळगावात अकरावीच्या वह्या तपासताना बहुतेकांची गाडी इथेच अडलेली दिसते. बेरजेच्या सूत्रात, उदाहरणार्थ 1+3+…+(2n−1)=n² मध्ये, गृहीतकाच्या दोन्ही बाजूंना पुढचे पद 2k+1 मिळवावे, म्हणजे उजवीकडे k²+2k+1, अर्थात (k+1)² येते. विभाज्यतेत मिळवायला पद नसते, म्हणून गृहीतक समीकरणात बसवावे लागते: 4ⁿ−1 ला 3 ने भाग जातो हे दाखवताना m पूर्णांक घेऊन 4ᵏ=3m+1 लिहिले, की 4ᵏ⁺¹−1=4(3m+1)−1=3(4m+1).

n=1 ची पायरी मात्र कुणी गाळू नये. 2+4+…+2n=n²+n+5 हे साफ चुकीचे सूत्रही k वरून k+1 वर बिनतक्रार जाते; n=1 घेतल्यावर डावीकडे 2 आणि उजवीकडे 7 आले, की ते पकडले जाते.