याजिलिन: डाव्या खालच्या कोपऱ्यात अडकलोय, मदत हवी आहे

10×10 चं कोडं आहे. खालचा डावा 3×3 कोपरा राहिलाय. रेषा वरच्या मधल्या घरातून आत येते, उजव्या मधल्या घरातून बाहेर जाते. बाकी वाटा बंद. त्यामुळे वरचं उजवं घर काळं केलं, नाहीतर रेषा तिथूनच वळून निघून जाते. बुद्धिबळाच्या पटासारखे रंग मोजले, तर कोपऱ्यांच्याच रंगाचं आणखी एक घर काळं हवं. तळओळीच्या `1←` मुळे ते खालचं डावं किंवा उजवं. रेषा दोन्हींत जुळते, रंगही सारखाच, म्हणजे ती मोजणी इथे संपली!

तिसऱ्या स्तंभात वर `3↓` आहे. तो बाण आणि हा कोपरा यांच्यामधली चार घरं अजून ठरलेली नाहीत. दोन्ही शक्यता भरून बघायच्या नाहीयेत. त्या चार घरांत आधी काय तपासू?