नाराज ग्राहकाला सगळे पैसे परत द्यायचे की हिशेब मांडायचा?

नफातोटा : ग्राहक नाराज झाला आणि त्याने पैसे मागितले, की एकही प्रश्न न विचारता सगळी रक्कम परत करावी. घासाघीस करणाऱ्यांना धंदा कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे जातात, पण ग्राहक राहतो. तुम्ही काय करता?

शाईवाला : माझा अनुभव नेमका उलटा आहे. सगळे पैसे घेऊन गेलेला ग्राहक सहसा परत फिरकत नाही. त्याला आपल्यासमोर यायला अवघड वाटतं, आणि ज्या कामासाठी तो आला होता ते काम तर अडूनच राहिलेलं असतं.

छपाईतलं एक प्रकरण सांगतो. जुन्या ग्राहक होत्या, हजार प्रतींचा कॅटलॉग, मधोमध पिना मारलेला. माल पोचला आणि संध्याकाळी त्यांचा संदेश आला : मुखपृष्ठावरचा निळा जांभळा आलाय, हे मी कुणाला देऊ शकत नाही, सगळे पैसे परत करा. मी त्यावर लगेच ना हो म्हटलं, ना नाही. फक्त दोन गोष्टी विचारल्या : कॅटलॉग कधी आणि कुठे लागणार आहेत, आणि हातात किती प्रती शिल्लक आहेत? उत्तर आलं की तीनशे आधीच वाटून झाल्यात आणि उरलेल्या सातशे पुढच्या प्रदर्शनाला हव्यात. म्हणजे त्यांची खरी अडचण त्या सातशे प्रतींची होती. मी त्याच दिवशी पैसे पाठवून मोकळा झालो असतो, तर त्या प्रदर्शनात रिकाम्या हाताने उभ्या राहिल्या असत्या.

मग फाइल उघडली. निळ्यात सायन म्हणजे आकाशी शाई १०० टक्के आणि मॅजेंटा म्हणजे गुलाबी शाई ९० टक्के. हे दोन आकडे इतके जवळ आले की कागदावर निळा जांभळ्याकडे झुकणारच, दोन्हींत निदान तीसचं अंतर लागतं. स्क्रीनवर तो झकास निळा दिसतो. कागदी प्रूफ, म्हणजे आधी छापून दाखवलेला नमुना, नको म्हणून त्यांनी स्क्रीनवर पाहूनच होकार दिला होता. पण हे आकडे ग्राहकाला कळावेत अशी अपेक्षा ठेवता येत नाही, ते फाइल तपासणाऱ्याने बघायचे असतात. म्हणून दोष दोन्हीकडे होता आणि मी तो तसाच लिहून कळवला. ‘अटींमध्ये लिहिलं आहे’ हे वाक्य पहिल्या उत्तरात घातलं, की पुढचं काही वाचलं जात नाही.

हिशेब असा मांडला. मुखपृष्ठाचा खर्च बिलाचा साधारण पाचवा भाग होता, आतली पानं निर्दोष होती. सातशे प्रतींच्या पिना काढून नवं मुखपृष्ठ लावून देतो, कडा पुन्हा कापाव्या लागतील म्हणून आकार एखाद मिलिमीटर कमी होईल, हेही आधीच सांगितलं. वाटलेल्या तीनशेंच्या मुखपृष्ठाचे पैसे परत, म्हणजे पाचव्या भागाचे तीस टक्के, बिलाच्या सहा टक्के. दुसरा पर्याय असा की माल आहे तसा ठेवा आणि मुखपृष्ठाचा सगळा खर्च परत घ्या. दोन्ही एकाच संदेशात, आकड्यांसकट, आणि प्रदर्शनाची तारीख पाहता कधीपर्यंत कळवायचं तेही. त्यांनी पहिला घेतला. पुढचं काम माझ्याकडेच आलं आणि त्या वेळी कागदी प्रूफ त्यांनी स्वतःहून मागितलं.

स्पष्टवक्ती : तुम्ही सगळे दुकानाच्या बाजूने बोलताय. मी ग्राहक आहे. मला एकदा खराब माल आला, तर ‘पुढच्या ऑर्डरमध्ये वळते करून घेऊ’ असं उत्तर मिळालं. ज्याच्यावर मी चिडलेय त्याच्याकडे माझेच पैसे अडकवून ठेवायचे, आणि ते सोडवायला पुन्हा त्याच्याकडूनच घ्यायचं? दर वेळी विचारलं की ‘प्रोसेसमध्ये आहे’. पैशांपेक्षा ते उत्तर जास्त लागलं. शाईवाल्यांनी आकडे मांडले हे छान, पण हे सगळं होईपर्यंत ग्राहक वाट बघत बसतो त्याचं काय?

शाईवाला : पुढच्या ऑर्डरमध्ये वळते करणं मी वर कुठेच सुचवलेलं नाही. सहा टक्के रोख परत गेले, त्याच कार्डावर, आणि नवी मुखपृष्ठं छापायच्या आधी गेले. वाट बघण्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. पहिलं उत्तर त्याच दिवशी गेलं पाहिजे आणि त्यात ‘बघतो’ असं मोघम न लिहिता ‘उद्या दुपारपर्यंत फाइल तपासून कळवतो’ असं लिहिलं पाहिजे.

नफातोटा : तुमचे ग्राहक जुने आणि समजूतदार, म्हणून हे जमलं. अनोळखी माणूस तुमचा सहा टक्क्यांचा हिशेब वाचणारच नाही. तो सरळ कार्डाच्या बँकेकडे तक्रार टाकेल आणि पैसे खेचून घेईल. चार्जबॅक आला की रक्कम गेली, वर दंडही बसला. म्हणून म्हणतो, आधीच देऊन टाका.

जमाखर्च : चार्जबॅकचा विषय निघालाच आहे तर नीट बोलू, कारण मी दिवसभर तेच काम करते. तक्रार नोंदली गेली की रक्कम विक्रेत्याच्या खात्यातून तिथल्या तिथे निघते आणि शुल्कही लागतं. पुढे निकाल तुमच्या बाजूने लागला तरी ते शुल्क बऱ्याचदा परत मिळत नाही. इथवर तुमचं खरं. पण ‘आधीच देऊन टाका’ मध्ये एक खड्डा आहे. ग्राहकाने तक्रार आधीच टाकलेली असेल आणि तुम्ही ते न पाहता वेगळा रिफंड पाठवलात, तर तीच रक्कम दोनदा जाऊ शकते. पैसे परत करण्यापूर्वी पेमेंट गेटवेवर त्या व्यवहारावर तक्रार उघडी आहे का ते बघा. उघडी असेल आणि तुम्हाला पैसे द्यायचेच असतील तर तक्रार मान्य करा, वेगळा रिफंड काढू नका.

तिखटमीठ : हेच माझ्या बाबतीत झालं आणि आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो! ग्राहक फोनवर रडवेला होऊन बोलत होता, म्हणून मी कार्डाची वाट सोडून थेट त्याच्या बँक खात्यात पैसे पाठवले. लवकर मिळावेत म्हणून. आणि त्याने आधीच कार्डावर तक्रार टाकलेली होती. दोन्ही गेले. चांगुलपणा दाखवल्याची शिक्षा! यात नातं टिकवण्याच्या गप्पा कसल्या मारता? अशा लोकांना एक पैसाही देऊ नये.

स्पष्टवक्ती : ‘अशा लोकांना’ म्हणजे कुणाला? तक्रार टाकणारा प्रत्येक जण चोर असतो का? तुम्ही फोन उचलत नसाल तर ग्राहकाने कुठे जायचं?

तिखटमीठ : मी फोन उचलला होता, म्हणूनच तर फसलो. नीट वाचा आणि मग बोला.

जमाखर्च : भांडू नका. तिखटमीठ, तुमचं नुकसान कळतं, पण कळीची चूक मार्ग बदलण्यात होती. ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर परत गेले, तर त्या व्यवहाराला रिफंड जोडलेला राहतो आणि ‘आम्ही परत केले’ हे दाखवता येतं. दुसऱ्या वाटेने पाठवलेल्या पैशांचा त्या व्यवहाराशी संबंध तुम्हाला स्वतः सिद्ध करावा लागतो.

स्पष्टवक्ती, तुमच्या ‘प्रोसेसमध्ये आहे’ वरही एक उपाय आहे. कार्डावरच्या रिफंडला एक संदर्भ क्रमांक मिळतो, एआरएन म्हणतात त्याला. तो ग्राहकाला दिला की तो आपल्या बँकेत विचारू शकतो, पैसे कुठे अडकलेत ते. रिफंड दिल्या क्षणी खात्यात दिसत नाही, बरेचदा पाच ते दहा कामाचे दिवस लागतात. हे आधी सांगितलं नाही की चौथ्या दिवशी ग्राहकाला वाटतं आपल्याला फसवलं, आणि तो तक्रार टाकतो. मी पाहते त्यातल्या कितीतरी तक्रारी पैसे पाठवून झाल्यावर अशा आलेल्या असतात.

नफातोटा : म्हणजे पैसे दिले तरी तक्रार, नाही दिले तरी तक्रार. मग शाईवाल्यांचे ते सहा टक्के कुठे राहिले? उरलेल्या ९४ टक्क्यांवर त्या बाई तीन महिन्यांनी तक्रार टाकू शकल्या असत्या. मुदत बरीच लांब असते ना?

जमाखर्च : व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बऱ्याच कारणांसाठी १२० दिवस असतात, हो. पण तेव्हा काय तपासलं जातं ते बघा. माल पोचल्याचा पुरावा, ग्राहकाने काय मागितलं, काय कबूल केलं, अंशतः रक्कम कधी परत गेली. शाईवाल्यांचा तो दोन पर्यायांचा संदेश आणि त्यावर आलेला होकार, हाच भक्कम कागद आहे. फोनवर ठरवलं असतं तर हातात काहीच नसतं. जिंकालच अशी हमी मात्र मी देणार नाही, बँका कधी कधी कार्डधारकाच्याच बाजूने झुकतात. आणि ग्राहक म्हणाला ‘मी तक्रार मागे घेतली’ तरी विक्रेत्याने मुदतीत पुरावे टाकायचेच. तोंडी मागे घेतलेली तक्रार बँकेत तशीच चालू असू शकते.

शाईवाला : आपण बँकेत अडकलो. नफातोटा, तुमचं एक मला मान्य करावं लागेल. रक्कम लहान असेल, माल परत मागवायचा खर्च त्याहून जास्त असेल आणि वस्तू तयार माल असेल, तर फाइल उघडत बसण्यात अर्थ नाही. देऊन टाकावेत. पण मागणीनुसार बनवलेल्या कामात हे चालत नाही. तो माल दुसऱ्याला विकता येत नाही, आणि तीनशे प्रती तर वापरून झालेल्या असतात.

नफातोटा : ठीक. मागणीनुसारच्या कामाचा मी विचार केला नव्हता असं म्हणा हवं तर. मी तयार माल विकतो, तिथे माझंच बरोबर आहे. पण एक सांगा, सहा टक्के देताना त्यांच्याकडून ‘आता काहीही मागणं उरलं नाही’ असं लिहून घेतलंत का? मी असतो तर घेतलं असतं.

शाईवाला : सही नाही घेतली. संदेशाच्या शेवटी एवढंच लिहिलं की या पर्यायाने हे प्रकरण आपल्या दोघांच्या दृष्टीने मिटेल असं मी धरतो, तुमचं वेगळं मत असेल तर आत्ताच सांगा. त्यांनी ‘चालेल’ लिहिलं.

तिखटमीठ : ‘चालेल’ हा काय पुरावा झाला? सही घ्यायलाच हवी. वकीलही तेच सांगेल.

जमाखर्च : रक्कम मोठी असेल तर सही घ्या, तिथे माझी ना नाही. पण सही मिळेपर्यंत रिफंड रोखून धरलात, तर त्याच काळात कार्डावर तक्रार पडण्याची शक्यता वाढते. माझ्याकडे येणारी निम्मी डोकेदुखी त्या मधल्या काळातलीच असते.

स्पष्टवक्ती : माझ्यासमोर कुणी असा कागद ठेवला, तर मी पैसे घेईन, सही करीन आणि पुन्हा त्या दारात जाणार नाही. शाईवाल्यांनी सही न मागता ‘मिटलं का’ एवढंच विचारलं, त्याला मात्र मी ‘चालेल’ लिहिलं असतं.

तिखटमीठ : आणि मी पुन्हा दोनदा पैसे भरले असते. माझं मत बदललेलं नाही.